एकाच वर्षाचे तीन विकासदर

प्रश्न: भारताच्या जीडीपीचा २०२३-२४ चा विकासदर कुठे ७.३, कुठे ८.२, कुठे ९.२ टक्के. खरा कोणता?

तिन्ही अधिकृत आहेत, २०११-१२ पायाभूत वर्षाच्या मालिकेतले. फक्त वेळ वेगळी. सांख्यिकी कार्यालय प्रत्येक क्षेत्राच्या उत्पादनातून वापरलेला माल व सेवा वजा करून मूल्यवर्धन काढते, मग उत्पादनांवरचे कर मिळवून व अनुदाने वजा करून जीडीपी काढते.

जानेवारी २०२४ मध्ये वर्ष संपलेच नव्हते. म्हणून औद्योगिक निर्देशांक, पिकांचे अंदाज, सूचीबद्ध कंपन्यांचे निकाल यांवरून उरलेले महिने अंदाजले: ७.३. मे अखेरीस ८.२. फेब्रुवारी २०२५ पर्यंत कंपन्यांचे वार्षिक हिशेब, सरकारांचे प्रत्यक्ष खर्च हाती आले: ९.२. आणि हे हमखास विसरलं जातं: मागच्या वर्षाचा आकडा सुधारला, तरीही दर बदलतो. उत्तरात आकड्यासोबत अंदाज कधीचा आहे ते लिहाच.