गिळलेले कोलॅजेन त्वचेपर्यंत पोहोचते का?

प्रश्न: कोलॅजेन पेप्टाइडची पावडर पोटात पचून जाते, की त्वचेपर्यंत काही पोहोचते?

कोलॅजेन हे त्वचेला बळकटी देणारे प्रथिन आहे. गिळल्यावर त्याचा बहुतांश भाग सुट्या अमिनो आम्लांपर्यंत, म्हणजे प्रथिनाच्या मूळ घटकांपर्यंत पचतो. मात्र दोन-तीन अमिनो आम्लांचे काही तुकडे अखंड रक्तात उतरतात आणि त्वचेतील पेशींना ते संकेत देत असावेत, असे मानायला आधार आहे. यातला सर्वाधिक अभ्यासलेला तुकडा म्हणजे प्रोलिन आणि हायड्रॉक्सिप्रोलिन या अमिनो आम्लांची जोडी. हा बंध आतड्यातील एन्झाइमांना सहज तुटत नाही, आणि अशा छोट्या जोड्या आत ओढून घेणारा वाहक आतड्याच्या पेशींवर असतोच. जपानमधील संशोधकांनी 2005 मध्ये निरोगी व्यक्तींना कोलॅजेनपासूनच बनणाऱ्या जिलेटिनचे पचित रूप प्यायला दिले, तेव्हा ही जोडी रक्तात एक-दोन तासांत सर्वाधिक दिसली आणि चार तासांत निम्म्यावर आली. महत्त्वाचे म्हणजे, हायड्रॉक्सिप्रोलिन नव्या कोलॅजेनमध्ये थेट गुंफले जात नाही. शरीर आधी प्रोलिन गुंफते आणि मग क जीवनसत्त्वाच्या मदतीने त्याचे रूपांतर करते. त्यामुळे ही जोडी उपयोगी ठरत असेल, तर ती वीट म्हणून नव्हे, निरोप म्हणून. तिच्यामुळे उंदराच्या त्वचेतील कोलॅजेन तयार करणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी अधिक वाढल्याचे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण ते बशीतले निरीक्षण आहे. माणसांच्या त्वचेत हाच संकेत काम करतो, हे थेट सिद्ध झालेले नाही, आणि ओलावा व लवचिकता सुधारल्याचे सांगणाऱ्या अनेक चाचण्यांना उत्पादकांचेच अर्थसाहाय्य आहे.