स्वतःच्या बाईकवर अधूनमधून डिलिव्हरी केली, विमा कंपनीला काय लिहावं?

प्रश्न: इंदूरला राहतो. शनिवार-रविवारी कधीतरी जेवणाची डिलिव्हरी करतो. बाईकला अपघात झाला, सर्वेक्षक डिलिव्हरीबद्दल विचारतोय. ‘क्वचितच करतो’ असं लिहून दिलं तर चालेल?

उत्तर: लिहा, पण नुसतं ‘क्वचित’ पुरणार नाही; अपघाताच्या वेळी ऑर्डर चालू होती की नाही हे आधी लिहा. खासगी दुचाकीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ असं कलम असतं. त्यात भाड्याने किंवा मोबदल्यासाठीचा वापर आणि मालवाहतूक वगळलेली असते. महिन्यातून किती वेळा, याला तिथे स्थान नाही. समजा, संध्याकाळी ७ला पलासियाहून घरी येताना धडक बसली आणि शेवटची ऑर्डर दुपारी ३ला संपली होती. मग तसंच वेळेसकट लिहा आणि ॲपमधल्या त्या दिवसाच्या ऑर्डरची यादी, लॉग-आउटची वेळ जोडा. तोंडी सांगू नका, ईमेल करा. दाव्याचा अर्ज, पोलिसांतला जबाब आणि हा खुलासा यांत वेळ जुळली पाहिजे. दावे बहुतेक इथेच अडकतात.

मात्र ऑर्डर चालू असेल तर लपवू नका, ॲपची नोंद निघतेच. तेव्हा दावा नाकारला तरी ‘नॉन-स्टँडर्ड’ तत्त्वावर अंशतः भरपाई मागा: अमलेंदू साहू प्रकरणात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने वापराच्या अटीचा भंग असूनही याच तत्त्वावर एकरकमी अडीच लाख रुपये द्यायला लावले होते. तो हक्क नव्हे, आधार आहे. कंपनी ऐकत नसेल तर भोपाळच्या विमा लोकपालाकडे जाता येतं.