‘तृतीय क्रमांकाचा’ की ‘त्रिघाती’?

“थर्ड ऑर्डर इंटरसेप्ट पॉइंटला ‘तृतीय क्रमांकाचा अवरोधबिंदू’ म्हणणं बरोबर आहे का? अ‍ॅम्प्लिफायरच्या डेटाशीटवर आउटपुटला तो ३० डीबीएम दिलाय, म्हणजे तेवढी पॉवर मिळेल ना?”

‘क्रमांक’ही नको आणि ‘अवरोध’ही नको. ही ऑर्डर रांगेतली नाही, घाताची आहे. अ‍ॅम्प्लिफायर सिग्नल नुसता मोठा करत नाही, त्यात सिग्नलच्या घनाचाही थोडा अंश मिसळतो. शेजारशेजारचे दोन टोन, समजा १०० आणि १०१ मेगाहर्ट्झचे, एकदम आत सोडले की त्या घनातून 2f1 − f2 आणि 2f2 − f1, म्हणजे ९९ आणि १०२ मेगाहर्ट्झला दोन आगंतुक उभे राहतात. इंटरमॉड्युलेशन प्रॉडक्ट म्हणतात ते हेच. मूळ टोनच्या इतके लगटून असतात की फिल्टरने काढणं कठीण. म्हणून मी ‘त्रिघाती’ म्हणेन.

घन असल्यामुळेच इनपुट १ डीबीने वाढवलं की टोन १ डीबीने चढतो आणि आगंतुक ३ डीबीने. आलेखावरच्या या दोन रेषा सरळ पुढे वाढवल्या की जिथे भेटतात, तो हा बिंदू. तिथे कुणी कुणाला अडवत नाही, तेव्हा शाळेतला ‘छेदनबिंदू’च चपखल.

आता पॉवरचं. गेन १५ डीबी आणि प्रत्येक टोन आत जाताना उणे २० डीबीएम धरू. बाहेर प्रत्येक टोन उणे ५ डीबीएम, म्हणजे छेदनबिंदूच्या ३५ डीबी खाली. आगंतुक टोनपेक्षा याच्या दुप्पट, ७० डीबी खाली असणार, म्हणजे उणे ७५ डीबीएम. सूत्राने:

```
P_IM3 = 3·P_out − 2·OIP3
      = 3(−5) − 2(30) = −75 dBm
```

इथे `P_IM3` आगंतुकाची पॉवर, `OIP3` आउटपुटचा छेदनबिंदू आणि `P_out` एका टोनची पॉवर आहे. `P_out` म्हणून दोन्ही टोनची बेरीज (उणे २) घातलीत तर उत्तर उणे ६६ येईल. ३ डीबीच्या चुकीचा ९ डीबी दंड.

३० डीबीएम मात्र मिळणार नाहीत. रेषा तिथवर पोचण्याच्या बऱ्याच आधी अ‍ॅम्प्लिफायर दमतो. १ डीबी कॉम्प्रेशन बिंदू बहुधा छेदनबिंदूच्या सुमारे १० डीबी खाली असतो, आणि त्याच्या जवळ गेलं की सूत्रही लटकं पडतं. मोजताना इनपुट १ डीबीने वाढवून आगंतुक खरंच ३ डीबीने चढतो का, ते बघा. चढत नसेल तर त्या जागी हिशेब लावू नका. आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरचं इनपुट अ‍ॅटेन्युएशन १० डीबीने वाढवल्यावर दाखवलेली आगंतुकाची पातळी घसरली, तर तो अ‍ॅनालायझरच्याच पोटात जन्मलेला आहे. तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरवर आळ नको.