जूनच्या सेलसाठी ईमेल आणि इन्स्टाग्राम

प्रश्न: लातूरला स्टेशनरीचं दुकान आहे. जूनच्या सेलसाठी ईमेल आणि इन्स्टाग्रामवर एकच मजकूर चालेल का?

उत्तर: ऑफर एकच ठेवा, मजकूर वेगळा लिहा. ईमेल जुन्या गिऱ्हाइकांना जातो, म्हणून त्यात इयत्तेनुसार यादी द्या. विषयाची ओळ अशी: ‘पाचवीचा वह्यांचा संच तयार आहे, १२ जूनपर्यंत १० टक्के सूट’. खाली संचात काय आहे, किंमत आणि एकच बटण, बास. इन्स्टाग्रामवर तुम्हाला न ओळखणारे पालक असतात. तिथे तोच संच टेबलावर मांडून फोटो टाका, किंमत फोटोवरच लिहा.

शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि खरेदी पगारानंतर होते. त्यामुळे फोटो मेअखेरीस, ईमेल १-२ जूनला, आणि १० तारखेला आठवण फक्त न घेतलेल्यांना.

दोन्हीकडे सूट सारखीच, पण कोड वेगळे: VAHI-MAIL आणि VAHI-INSTA. कुठून विक्री झाली ते यावरूनच कळेल. ईमेल किती जणांनी उघडला हा आकडा फसवा असतो: तो मेलमधलं चित्र उघडलं की मोजला जातो, आणि काही मेल अॅप चित्रं आपोआपच उघडतात. बटणावर क्लिक भरपूर आणि ऑर्डर कमी, असं दिसलं तर मजकुराला हात लावू नका. आधी संचाची किंमत आणि घरपोच खर्च तपासा.