मॅचमध्ये किती वेळ मिळणार? पालकांना द्यायच्या पत्रात काय लिहावं

"ताई, फोंडा तालुक्यात बारा वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल संघ सांभाळतो. बारा मुलं आहेत, मॅच सात-सातची असते. गेल्या मोसमाच्या पत्रात 'सर्वांना समान संधी मिळेल' असं स्पष्ट लिहिलं होतं. तरी दर मॅचनंतर कोणी ना कोणी पालक मैदानावरच भांडायला यायचे. सेमीफायनलनंतर तर दोघांनी मुलं काढून घेतली. चवथ झाली की नवा मोसम सुरू होईल. यंदा पत्रात काय लिहू?"

पहिल्याच बैठकीत सरांना गेल्या वर्षीची वही आणायला सांगितली. वहीत गोल होते, गोल करणाऱ्यांची नावं होती, हजेरी होती. कोण किती मिनिटं खेळला, हे मात्र एकाही पानावर नव्हतं. मग एकच मॅच निवडून, सरांना आठवेल तसं बारा नावांपुढे मिनिटं मांडली. चार मुलं पूर्ण चाळीस मिनिटं खेळलेली निघाली. एक मुलगा शेवटची सहा मिनिटं खेळला होता. त्याचे वडील त्याला वाळपईहून घेऊन आले होते, आणि मुलगा सगळा वेळ बाकावर बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधत बसला होता, हे सरांना आठवत होतं.

सरांनी फसवलं नव्हतं. 'संधी' म्हणजे मैदानावर उतरवणं, असं त्यांच्या मनात होतं. पालकांनी त्याचा अर्थ 'वेळ' असा घेतला. पत्रातले असे मोठे, मोकळे शब्दच भांडण लावतात. 'शक्यतो', 'मेहनतीप्रमाणे', 'प्रशिक्षकाच्या निर्णयानुसार' हे शब्द लिहिणाऱ्याला सुटकेची वाट देतात, पण वाचणाऱ्याला घरून निघताना मुलाच्या "मी कधी खेळणार?" या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. पालक चिडतात ते बहुधा थोड्या मिनिटांमुळे नव्हे, आधी न कळलेल्या मिनिटांमुळे. म्हणून पत्रात आकडा हवा, आणि तो सरांना दर मॅचला खरोखर पाळता येईल असा हवा.

आकडा असा काढला. मॅच वीस-वीस मिनिटांची, म्हणजे दहा मिनिटांचे चार टप्पे. दर टप्प्यात सात मुलं, म्हणून एकूण अठ्ठावीस जागा. बारा मुलांना प्रत्येकी दोन टप्पे दिले की चोवीस जागा भरतात आणि चार उरतात. या चार जागा हजेरीपटाच्या क्रमाने फिरवायच्या: पहिल्या मॅचला पहिली चार नावं, दुसऱ्या मॅचला पुढची चार, तिसऱ्या मॅचला शेवटची चार. तीन मॅचनंतर प्रत्येक मुलाचे बरोबर सात टप्पे, म्हणजे सत्तर मिनिटं होतात. एखादा आला नाही तर अकरा मुलांचे बावीस टप्पे होऊन सहा जागा उरतात. यादी जिथे थांबली असेल तिथून पुढे चालवायची.

सरांची शंका रास्त होती: दहाव्या मिनिटाला पाच मुलं एकदम बदलली तर संघ विस्कटणार नाही का? विस्कटतो, जर कोण कोणाच्या जागी जाणार हे ठरलेलं नसेल तर. म्हणून दोन्ही गोलकीपर सोडून उरलेल्या दहा मुलांच्या पाच जोड्या लावल्या. जोडीतली दोघं एकाच जागेवर खेळणारी. एक पहिला आणि तिसरा टप्पा खेळतो, दुसरा दुसरा आणि चौथा. त्यामुळे मुलगा सलग दोन टप्पे बाकावर बसत नाही आणि आत जाताना त्याला आपली जागा माहीत असते. गोलकीपर मात्र प्रत्येकी एक हाफ सांभाळतात, कारण दर दहा मिनिटांनी हातमोजे बदलण्यात अर्थ नाही. उरलेल्या चार जागा दर टप्प्याला एक अशा येतात. त्यासाठी ज्यांची पाळी आहे त्या चौघांना, ते ज्या टप्प्यात बाहेर असतात, त्यातल्या एकात घालायचं.

इथे एक चूक सहज होते. चांगली खेळणारी पाचही मुलं पहिल्या-तिसऱ्या टप्प्यात गेली, तर दुसऱ्या टप्प्यात गोल बसतात, आणि मग पालक दुसऱ्या टप्प्यातल्या मुलांकडे बोट दाखवतात. ती दोन्हीकडे विभागली पाहिजेत, आणि जोड्या मॅचच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवल्या पाहिजेत. मैदानावर ठरवायला गेलं की हात आपोआप आवडत्या मुलाकडे वळतो.

हा हिशोब उभा राहण्यासाठी स्पर्धेच्या नियमांत बाहेर आलेल्या मुलाला पुन्हा आत जाता आलं पाहिजे. फुटबॉलच्या नियम ३ प्रमाणे लहान मुलांच्या सामन्यांत अशी मुभा देता येते, पण ती दिली आहे की नाही हे प्रत्येक स्पर्धेच्या आयोजकांना विचारावं लागतं. मुभा नसेल तर हाफटाइमला पाच बदल करून पाच मुलांना पहिला हाफ, पाच जणांना दुसरा हाफ आणि दोघांना पूर्ण मॅच, अशी वाटणी करावी लागेल. त्यासाठीही पाच बदल्यांची परवानगी आहे ना, हे आधी पाहायचं.

सेमीफायनलचा प्रश्न सगळ्यात जड होता. बारा वर्षांखालच्या मुलांना बाद फेरीतही दोन-दोन टप्पे द्यावेत, असं माझं मत आहे. सरांना ते जमणार नव्हतं, आणि तसं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मग जे जमणार नाही ते लिहायचं नाही. पत्रात मजकूर आला तो असा:

"साखळी फेरीच्या प्रत्येक मॅचमध्ये प्रत्येक मूल किमान दोन टप्पे, म्हणजे सुमारे वीस मिनिटं खेळेल. खेळ थांबल्यावरच बदल होत असल्याने एखादं मिनिट पुढेमागे होईल. उपांत्य आणि अंतिम सामन्यात प्रत्येक मूल किमान एक टप्पा खेळेल, बाकीचे टप्पे कोणाला द्यायचे हे मी ठरवीन. दुखापत झाली, मूल मॅचला उशिरा आलं किंवा स्वतःहून 'नको' म्हणालं, तरच यात बदल होईल."

हजेरीबद्दल सरांना कडक अट हवी होती: दोन सराव चुकले तर मॅच नाही. पण दहा-अकरा वर्षांचं मूल सरावाला स्वतः येत नाही, त्याला कोणीतरी आणून सोडतं. शिकवणी लांबली, स्कूटर बंद पडली, याची शिक्षा बाकावर बसून मुलाने भोगायची, हे बरोबर नाही. म्हणून अट हलकी केली. आदल्या रात्रीपर्यंत कळवलेली गैरहजेरी धरायची नाही. न कळवता सराव चुकला, तर मुलाची जादा टप्प्याची पाळी एकदा जाईल, त्याचे दोन टप्पे मात्र कायम. मॅचला उशीर झाला तर चुकलेला टप्पा भरून मिळणार नाही, आणि त्यापुढे काही शिक्षाही नाही.

तक्रारीसाठीही जागा ठेवली. मॅचच्या दिवशी मैदानावर या विषयावर बोलणं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरांना फोन करायचा, आणि बोलायचं ते फक्त आपल्या मुलाविषयी. सर वही उघडून त्या मुलाचे टप्पे वाचून दाखवतील, दुसऱ्याच्या मुलाशी तुलना करणार नाहीत. हे जमायला वही मॅच चालू असतानाच भरली गेली पाहिजे. ते काम बाकावरच्या सहायकाला दिलं: बारा नावं, चार रकाने, खेळलेल्या टप्प्यावर खूण.

पत्र कधी द्यायचं, हेही ठरवलं. गेल्या वर्षी ते पहिल्या मॅचच्या आठवड्यात, फी भरून आणि जर्सी वाटून झाल्यावर गेलं होतं. तेव्हा न पटलेल्या पालकाला निघून जाणंही महाग पडतं, मग तो थांबतो आणि कुरकुरतो. यंदा चवथीनंतरच्या पहिल्या सरावाला पत्र द्यायचं, पालकांसमोर वाचून दाखवायचं, आठवडाभर प्रश्न ऐकायचे आणि त्यानंतरच फी घ्यायची.