सातारा दरबारातली नावं: एका माणसाला एकच नाव पुरत नाही

> कादंबरी १७३५ च्या सुमारास शाहूमहाराजांच्या सातारा दरबारात घडते. सरदार, शिपाई, वाड्यातले चाकर, सगळ्यांना नावं दिली आहेत, पण वाचून दाखवलं की लोक म्हणतात, ‘नावं खोटी वाटतात.’ जुन्या नावांची एखादी चांगली यादी आहे का?

ही अडचण माझ्या चांगल्या ओळखीची आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आधीच सांगतो, मी इतिहास संशोधक नाही. जुनी छापील पत्रं, सनदा आणि हिशेब वाचण्याची सवय आहे, त्यावरून बोलतोय. कोकणातल्या किंवा नागपूरच्या कागदांत काही गोष्टी वेगळ्या दिसू शकतील.

अथर्व, रणवीर, अनन्या ही नावं तुम्ही टाळली असतीलच, त्यावर वेळ घालवत नाही. मात्र नाव भारदस्त आहे म्हणून ते आजचंच असेल, असंही धरू नका. धनाजी जाधवांच्या मुलाचं नाव चंद्रसेन होतं.

यादी शोधू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. एका दफ्तराकडून (नाव घेत नाही) अशी एक ‘ऐतिहासिक व्यक्तिनामांची सूची’ मिळाली होती. तिच्याइतकं नुकसान दुसऱ्या कशानंच केलं नाही. सगळी माणसं आजच्या पद्धतीने आडनाव, नाव, वडिलांचं नाव अशी लावलेली, पदव्या नावांच्या रकान्यात, चिटणीस-फडणीस ही पदं आडनावांच्या रकान्यात. विचारायला गेलं की उत्तर एकच, ‘छापलंय तसं घ्या.’ त्या सूचीतून उचललेलं प्रत्येक नाव सुटं सुटं खरं असतं आणि पानावर खोटं वाजतं.

कारण त्या काळी माणसाला एकच नाव चिकटलेलं नसे. कोण बोलतंय, कुठे बोलतंय, त्यावर ते बदलायचं. तुमच्याच काळातले पेशवे घ्या. शिक्क्यात ते ‘बाजीराव बल्लाळ मुख्यप्रधान’, दरबारी पत्रांत ‘राजश्री बाजीराव पंडित प्रधान’ आणि जवळच्या माणसांत ‘राऊ’. ‘बाजीराव भट’ असं त्यांना समोरासमोर कोणी म्हणत नव्हतं. तुमच्या कादंबरीत सगळे सगळ्यांना नाव-आडनावाने हाका मारत असतील, तर नावं कितीही जुनी निवडा, दरबार आजचाच वाटणार.

आता तुमची तीन माणसं बांधून पाहू.

पहिला दरबारातला ब्राह्मण मुत्सद्दी. त्याचं नाव आजोबांपासून सुरू करा, कारण थोरल्या नातवाला आजोबांचं नाव देण्याची चाल होती. बाळाजी विश्वनाथ, त्यांचे बाजीराव, बाजीरावांचे पुन्हा बाळाजी. समजा, आजोबा विसाजी आणि वडील महादाजी. मग हा झाला विसाजी महादेव. नाव आणि लगेच वडिलांचं नाव, मध्ये काही नाही, आडनाव बहुतेक वेळा गाळलेलं. वडिलांचं नाव दुसऱ्या जागी गेलं की त्याचं रूप कधी कधी बदलतं, बाळाजीचं ‘बल्लाळ’ होतं तसं. कागदावर तो विसाजी महादेव, दरबारात विसाजीपंत, घरात तात्या किंवा आप्पा. बायको नाव घेणारच नाही. त्याच्याकडे चिटणिशी असेल तर ‘चिटणीस’ हे त्याचं काम आहे. ते आडनाव म्हणून वापरायचं असेल, तर निदान दोन पिढ्या ते काम त्या घरात असल्याचं दाखवा.

दुसरा मराठा शिलेदार. मानाजी, वडील संताजी. सनदेत किंवा महजरात तो ‘मानाजी बिन संताजी जगताप’, म्हणजे संताजीचा मुलगा. हा ‘बिन’ ब्राह्मणाच्या नावात घालू नका. पथकातले जुने सोबती त्याला मानाजी म्हणतील, आई मान्या म्हणेल, गावची पाटीलकी असेल तर गावकरी नुसतं ‘पाटील’ म्हणतील. अशा घरांची नावं पुष्कळदा कुलदैवतावरून येतात, खंडोजी, मल्हारजी, जोत्याजी, बहिर्जी. पिराची नावंही चालायची. शहाजी आणि शरीफजी ही भावांची नावं नगरच्या शाह शरीफ पिरावरून ठेवल्याचं सांगतात. तेव्हा पिराजी नावाचा मराठा शिपाई दिसला तर संपादकाला तो कापू देऊ नका.

सगळ्यात महाग पडणारी चूक याच जागी होते, ती म्हणजे पदवीला जन्मनाव समजणं. प्रतापराव गुजर जन्माने कुडतोजी, ‘प्रतापराव’ ही शिवाजीमहाराजांनी दिलेली पदवी. हंबीरराव मोहिते मूळचे हंसाजी. शाहूमहाराजांच्या जवळचे फत्तेसिंग भोसले हे पारदच्या पाटलांचे राणोजी लोखंडे. मानलेला मुलगा म्हणून वाढताना नाव आणि आडनाव दोन्ही बदललं. म्हणून हैबतराव, सर्जेराव, हिम्मतबहादर, समशेरबहादर अशी नावं पाळण्यातल्या पोराला देऊ नका. तुमच्या मानाजीला चौदाव्या प्रकरणात ‘हैबतराव’ किताब मिळणार असेल, तर तेराव्यापर्यंत निवेदनातही तो मानाजीच राहिला पाहिजे. नंतर दरबारी लोक लगेच नवं नाव घेतील, आई घेणार नाही, आणि ज्याला त्याचा हेवा वाटतो तो मुद्दाम जुनंच नाव घेईल. हा प्रसंग तुम्हाला फुकट मिळतो. हस्तलिखितात तपासणं सोपं आहे: पदवीचा शब्द शोधा, तो पहिल्यांदा कुठल्या पानावर येतो ते बघा, आणि ते पान किताबाच्या प्रसंगाआधीचं असेल तर दुरुस्त करा.

तिसरे वाड्यातले चाकर. इथे नावाचा शेवट दर्जा सांगतो. एकच धोंडो घ्या. कागदावरचा ब्राह्मण धोंडो मल्हार, दरबारात धोंडोपंत, मराठा सरदार धोंडजी, आणि फरासखान्यातला पोऱ्या धोंड्या. बायकांतही तसंच, सरदाराच्या घरात रखमाबाई, कुणबिणींत रखमी. चाकराला आडनाव देऊ नका. त्याची ओळख कारखान्यावरून, म्हणजे वाड्यातल्या ज्या खात्यात तो राबतो त्यावरून होते: धोंड्या फरास, सटवा मशालजी, आबदारखान्यातला केरू. धोंडू, दगडू, सटवा, केरू, भिका ही नावं मूल जगावं म्हणून ठेवलेली असत, तेव्हा विनोदासाठी वापरू नका. कुणबीण बहुधा विकत घेतलेली किंवा मुलुखगिरीत धरून आणलेली असे. तिला ‘चंपाकली’सारखं नाटकी नाव दिलं की ती माणूस उरत नाही.

आता एक अडचण राहते. खऱ्या कागदांत बाळाजी आणि महादाजी इतके असतात की वाचक हरवतो. इथे मी कादंबरीच्या बाजूने कौल देईन. मुख्य पात्रांची पहिली अक्षरं वेगळी ठेवा आणि दुसरा बाळाजी आलाच, तर त्याला सगळीकडे नाना किंवा बापूच म्हणा. त्या काळचे लोकही तेच करत. चिमाजी आप्पा, सदाशिवराव भाऊ, बाळाजी जनार्दनांना तर आपण आजही नानाच म्हणतो.

जाता जाता, कादंबरीत पत्रं असतील तर मायने जपून वापरा. लग्न झालेल्या बाईला सौभाग्यवती, विधवेला गंगाभागीरथी, वडीलधाऱ्यांना तीर्थरूप, धाकट्यांना चिरंजीव. आणि प्रत्येक पात्रासाठी एका कागदावर पाच रकाने करा: सनदेतलं नाव, दरबारातलं, घरातलं, चाकर काय म्हणतात, शत्रू काय म्हणतो. ज्याचे रकाने भरत नाहीत, त्याचं घराणं तुम्ही अजून ठरवलेलं नाही. तिथे आधी आजोबांचं नाव लिहा.