"आमचीच माणसं करतात" म्हणणाऱ्या क्लायंटला काय रिप्लाय द्यायचा?

प्रश्न: मी छोट्या-मध्यम कारखान्यांना कॉम्प्रेस्ड एअरचा लिक सर्व्हे करून देतो. दर दुसरा क्लायंट लिहितो, "हे काम आमचा मेन्टेनन्स स्टाफच करतो." यावर नेमकं काय लिहावं?

उत्तर:

आधी काय करू नका ते सांगतो. ब्रोशर परत पाठवू नका, आणि "तुमचा स्टाफ विरुद्ध आमची टीम" असा तक्ता तर अजिबात नाही. एवढं तावातावाने सांगतोय कारण मी आधी जिथे नोकरीला होतो तिथल्या सेल्स हेडचा हा हुकमी एक्का होता. चाकणच्या एका प्रेस शॉपला त्यांनी असा तक्ता पाठवायला लावला. एका कॉलमात फिटरचा तासाचा पगार, दुसऱ्यात आमचा रेट, आणि खाली ठळक अक्षरात "अनट्रेंड मॅनपॉवर". आता परचेसवाला असा मेल आला की काय करतो? सरळ मेन्टेनन्स इन्चार्जला फॉरवर्ड करतो, "बघा हो हे काय म्हणतायत". ज्याला तुम्ही अनट्रेंड म्हणालात तोच माणूस तुम्हाला गेटच्या आत घ्यायचं की नाही ते ठरवणार. त्यांचं एका ओळीत उत्तर आलं, गरज नाही, धन्यवाद. आणि साहेब मला म्हणाले तुझा फॉलोअप कमी पडला!

पुढे मी स्वतःचं काम सुरू केलं आणि योगायोग बघा, तेच इन्चार्ज भोसरीच्या एका कंपनीत गेलेले, आणि तिथून मला परत तेच वाक्य, "आमची माणसं करतात". या वेळी तक्ता पाठवायला सांगणारं कोणी नव्हतं. मी फोन लावला, म्हणलं साहेब करतात ते चांगलंच आहे, फक्त एवढं सांगा की शेवटचं कधी केलं आणि किती टक्के निघालं. ते म्हणाले, "टक्के कसले? फुसफुस आवाज आला की बंद करतो."

इथेच सगळं कळतं. माणसं खोटं बोलत नाहीत, ती खरंच लिक बंद करतात, पण मोजत नाहीत. आणि लिकमुळे प्रॉडक्शन थांबत नाही, त्यामुळे ते काम कधीच आजचं नसतं. सोलेनॉइड अडकला की फिटर पळतो. वरच्या हेडरचा सांधा गळतोय म्हणून कोण शिडी लावतंय?

मग मी त्यांना व्हॉट्सॲपवर जे लिहिलं ते साधारण असं होतं, हवं तर तसंच वापरा:

"साहेब, तुमच्या टीमने गुरुवारी सुट्टीच्या दिवशी एक टेस्ट करून बघावी, आमचा माणूस नको, इन्स्ट्रुमेंट नको. सगळी मशिन बंद, पण प्रत्येक मशिनचा एअर व्हॉल्व्ह रोज असतो तसा उघडाच ठेवा. एक कॉम्प्रेसर चालू करा. लाइन भरली की मोबाइलच्या स्टॉपवॉचवर तो किती सेकंद लोड राहतो आणि किती सेकंद अनलोड ते आठ-दहा सायकल लिहून सरासरी काढा. लोडचे सेकंद भागिले लोड अधिक अनलोड, तेवढी तुमची गळती. आकडा मला कळवला नाहीत तरी चालेल."

व्हॉल्व्ह उघडे ठेवायचं आवर्जून लिहा. नाहीतर कोणीतरी शहाणा मेन व्हॉल्व्ह बंद करून टेस्ट घेतो, मग फक्त कॉम्प्रेसर रूमचीच गळती मोजली जाते आणि आकडा छान दिसतो.

त्यांचं निघालं ४० सेकंद लोड, ८० सेकंद अनलोड. म्हणजे ४० भागिले १२०, ३३ टक्के. एकही मशिन चालत नसताना कॉम्प्रेसरची एक तृतीयांश हवा नुसती बाहेर. १० टक्क्यांच्या आत असेल तर प्लांट चांगला सांभाळलाय म्हणायचं, शून्य कुठेच नसतं.

आता पैसे. इथे बरेच सेल्सवाले थापा मारतात, पूर्ण लोडच्या किलोवॅटला ३३ टक्क्यांनी गुणून मोकळे होतात. तसं नसतं. त्यांचा ३७ किलोवॅटचा स्क्रू कॉम्प्रेसर लोडवर मीटरला साधारण ४० किलोवॅट घ्यायचा आणि अनलोडवर १२. गळती कमी झाली की तो बंद होत नाही, जास्त वेळ अनलोडवर राहतो, म्हणून वाचतो तो फक्त मधला २८ चा फरक. गळती ३३ वरून १० वर आणली तर २८ चे २३ टक्के, साडेसहा किलोवॅटच्या आत-बाहेर. दोन शिफ्ट, वर्षाला ४८०० तास, म्हणजे ३१ हजार युनिट, ९ रुपयांनी धरलं तर पावणेतीन लाखांच्या वर. हा हिशोब इन्चार्जला पटतो कारण त्याच्या पॅनलवर तो स्वतः ताडून बघू शकतो. फुगवलेला आकडा तो पहिल्या मिनिटात पकडतो, मग बाकीचं ऐकतच नाही.

मग काम कोणी केलं? निम्मं त्यांच्याच माणसांनी, आणि तेच बरोबर होतं. एफआरएलचे बाऊल, क्विक कपलर, होजच्या क्लिपा, पीयू ट्यूबच्या पुशफिट, अर्धवट उघडे राहिलेले ड्रेन व्हॉल्व्ह, हे सगळं साबणाच्या पाण्याने सापडतं, त्याला माझी गरज नाही. मला बोलावलं ते उरलेल्यासाठी, म्हणजे छताजवळची लाइन, गार्डच्या आतले जोड, आणि मशिन चालू असतानाच गळणारे सिलिंडर आणि व्हॉल्व्ह, जे सुट्टीच्या टेस्टमध्ये येतच नाहीत. चालू शॉपच्या गोंगाटात कानाला काही कळत नाही. अल्ट्रासॉनिक डिटेक्टर ४० किलोहर्ट्झच्या आसपासचं ऐकतो म्हणून त्याला कळतं. मी टॅग लावत गेलो, त्यांचा फिटर मागून सांधे बदलत आला, आणि नंतर टेस्ट परत त्यांनीच घेतली.

आमचे जुने साहेब म्हणायचे, "क्लायंटला फुकटात शिकवलंस तर पैसे कोण देणार?" ज्याचा आकडा ३३ येतो तो देणार साहेब! आणि ज्याचा ८ येतो त्याच्याकडून आपण घ्यायचेच कशाला? त्याला सरळ लिहा की तुमची टीम उत्तम करतेय, आमची गरज नाही. तोच माणूस नोकरी बदलतो, भोसरीतून रांजणगावला जातो, आणि तिथून स्वतः फोन करतो. तक्त्याने असा फोन आलेला मला तरी माहीत नाही.

हां, एक राहिलंच. ही सेकंदांची टेस्ट लोड-अनलोड मशिनलाच लागू आहे. व्हीएफडी कॉम्प्रेसर असेल तर तो लोड-अनलोड करत बसत नाही, स्पीड कमी करतो. तिथे रिसीव्हर भरून कॉम्प्रेसर बंद करायला सांगा आणि प्रेशर ७ वरून ६ बारवर यायला किती वेळ लागतो ते बघा. रिसीव्हर आणि पायपिंग मिळून २ घनमीटर असेल आणि एका मिनिटात १ बार पडला तर मिनिटाला अंदाजे २ घनमीटर, म्हणजे ७० सीएफएम गळती. पायपिंगचा व्हॉल्यूम धरायला विसरले तर गळती आहे त्यापेक्षा कमी दिसेल, तेवढं मेसेजमध्ये आधीच लिहून टाका.